गंडेकर ते पंतसचिव : भोरच्या घराण्याचं आडनाव कसं बदललं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले तीन प्रश्न व त्यांची उत्तरं जोडली आहेत.)



मघाशी सूत्रसंचालकांनी ‘आपल्या सोसायटीचे सचिव’ असं म्हटलं आणि सगळ्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांना त्यांचं स्वतःचं आडनाव आहे. पाच वर्षांनी निवडणूक होईल, कदाचित दुसरं कुणी सचिव होईल आणि हे आपल्या मूळ आडनावानिशी घरी जातील. पण समजा, सोसायटीने असा ठराव केला की सचिवपद यांच्याच घराण्यात वंशपरंपरा राहील, आणि त्या कामासाठी तळमजल्यावरचे दोन गाळेही कायमचे यांच्या घराण्याला दिले. मग काय होईल? यांचा मुलगा सचिव, नातू सचिव. चौथ्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी विचारतील, ‘आडनाव काय?’ आणि उत्तर येईल, ‘सचिव.’

तुम्ही हसलात, पण हे खरोखर घडलेलं आहे, आणि इथून पन्नास-साठ किलोमीटरवर घडलेलं आहे. कात्रज ओलांडून कापूरहोळला वळलं की भोर. तिथे नीरा नदीच्या काठी जो राजवाडा आहे, त्याच्या मालकांचं आडनाव पंतसचिव. हे घराणं मूळचं गंडेकर. गंडेकरांचे सचिव कसे झाले, सचिवांचे पंतसचिव कसे झाले, आणि ते नाव तेव्हाच का चिकटलं, हे आज मला सांगायचं आहे. आपल्या इमारतीत भोर-वेल्ह्याकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांना यातली गावं ओळखीची वाटतील.

प्रथम नावच पाहू. संस्थान होतं तेव्हा भोरचे अधिपती आपल्या नावापुढे ‘पंडित पंतसचिव’ असं लावत. यात तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या थराचे आहेत. ‘सचिव’ हे पद. ‘पंडित’ हा त्या पदावरच्या माणसाला पत्रात लावायचा मान. जुन्या पत्रांत ‘शंकराजी पंडित सचिव’, ‘रामचंद्र पंडित अमात्य’ अशी नावं दिसतात. आणि ‘पंत’? तोही मूळचा ‘पंडित’च. बोलताना झिजून पंत झाला. मोरोपंत, नारोपंत, रामचंद्रपंत यांतला पंत तोच. म्हणजे ‘पंडित पंतसचिव’ या नावात एकच शब्द दोनदा आला आहे, एकदा लेखी रूपात आणि एकदा बोली रूपात. मोडी लिहिताना शब्द सुटे सोडत नसत, ओळ सलग जाई. त्यामुळे मान कुठे संपला आणि पद कुठे सुरू झालं हे कागदावर वेगळं दिसत नाही. लोकांनी ते एकच नाव म्हणून वाचलं आणि एकच म्हणून वापरलं.

आता हे दोन-तीन थर बाजूला केले की खाली उरतं ते गंडेकर. कुठे गांडेकर असंही लिहिलेलं आढळतं. घराण्याचे संस्थापक शंकराजी नारायण गंडेकर, देशस्थ ब्राह्मण. ‘कर’ लावलेलं आडनाव म्हणजे गावावरून पडलेलं, हे आपल्याला शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण त्यात एक गोष्ट दडलेली असते. माणूस आपल्या गावात राहतो तोवर त्याला गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही. सासवडात सगळेच सासवडकर. तिथे त्याला कुलकर्णी म्हणतील, जोशी म्हणतील, पाटील म्हणतील. तो दुसरीकडे गेला की मग तिथली माणसं त्याला सासवडकर म्हणतात. तेव्हा ‘कर’वालं आडनाव घराणं कुठलं हे सांगतं, त्याचबरोबर ते घराणं तिथून निघालं हेही सांगतं. गंडेकर हे नाव अशा निघालेल्या माणसांचं आहे.

शंकराजी ज्या काळात वर आले, त्या काळात आडनाव कागदावर फारसं लिहीतच नसत. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच पुरे. शंकराजी नारायण म्हणजे नारायणाचा मुलगा शंकराजी. त्यांचा मुलगा नारो शंकर, म्हणजे शंकराजींचा मुलगा नारो. नारोचा मुलगा चिमणाजी नारायण. दुसरा शब्द दर पिढीला बदलणार, कारण तो बापाचा. हे ध्यानात नसलं की वाचणारा फसतो. तो ‘नारायण’ला आडनाव समजतो आणि पुढच्या पिढीत ते सापडत नाही म्हणून घराणं संपलं असं धरतो.

याहून मोठा घोटाळा एकाच नावाच्या दोन माणसांचा होतो. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद भूषवलेले दोन शंकराजी होते. एक आपले शंकराजी नारायण. दुसरे शंकराजी मल्हार, नरगुंदकर. हे दुसरे जिंजीला महाराजांजवळ होते, पुढे काशीला गेले आणि १७१८ च्या सुमारास सय्यद बंधू आणि शाहू महाराज यांच्यातल्या बोलण्यांत मध्यस्थ म्हणून पुन्हा दिसतात. नुसतं ‘शंकराजी सचिव’ वाचून कुणी निष्कर्ष काढला तर १७०७ मध्ये वारलेला माणूस १७१८ मध्ये तह करताना सापडेल! इथे सोडवणूक करतं ते बापाचं नाव.

पुढच्या पिढीत तर बापाचं नावही मदतीला येत नाही. भोरचे नारो शंकर सचिव आणि नाशिकचे नारो शंकर राजेबहाद्दर. दोघांचं नाव तेच, बापाचं नावही तेच. पंचवटीतलं नारोशंकराचं देऊळ आणि त्याची प्रसिद्ध घंटा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते देऊळ या दुसऱ्या नारो शंकरांचं. त्यांचं मूळ आडनाव दाणी आणि ‘राजेबहाद्दर’ हा किताब पुढे त्यांच्या घराण्याचं आडनाव झाला. या दोघांना वेगळं करायला सन पाहावा लागतो. भोरचे नारो शंकर १७३७ मध्ये वारले. नाशिकचं देऊळ १७४७ चं. तेव्हा नाव, बापाचं नाव आणि सन, हे तिन्ही जुळल्याशिवाय हा आपलाच पूर्वज असं म्हणू नये.

आता ‘सचिव’ या शब्दाकडे येऊ. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावं दिली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनीस होता त्याचा सचिव झाला. काम काय, तर दरबारातून बाहेर जाणारी पत्रं तपासायची. एखादं अक्षर कमी-जास्त झालं असेल, मजकुरात चूक असेल तर ती दुरुस्त करायची आणि मग पत्रावर आपली खूण करायची. ती खूण असल्याशिवाय पत्र पक्कं नाही. आजच्या भाषेत सही-शिक्क्याचा अधिकार. शिवाय राज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यात सचिवाने लढाईचं काम करावं आणि ताब्यात आलेला मुलूख सांभाळावा असंही ठरवलेलं आहे. नुसता लेखणीवाला नव्हता तो.

शिवाजी महाराजांचे सचिव होते अण्णाजी दत्तो. त्यांचं आडनाव प्रभुणीकर. आता इथे थांबून एक प्रश्न विचारू. पहिले नामवंत सचिव अण्णाजी दत्तो, मग ‘सचिव’ हे आडनाव त्यांच्या घराण्याला का लागलं नाही?

कारण त्या वेळी पद घराण्याचं नव्हतं. शिवाजी महाराजांनी प्रधानांना रोख वेतन दिलं, पदं वंशपरंपरा केली नाहीत आणि पदासाठी मुलूख तोडून दिला नाही. पद काढून घेता येत होतं, आणि घेतलंही जात होतं. जी गोष्ट उद्या जाऊ शकते तिचं आडनाव होत नाही. आपल्या सोसायटीच्या सचिवांचं जे आहे तेच अण्णाजी दत्तोंचं होतं.

ही घडी मोडली ती १६८९ नंतर. संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि महाराष्ट्रात मोगलांची फौज पसरली. इथला कारभार दोन माणसांवर सोपवला होता. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण. रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपनाह’ आणि शंकराजींना ‘राजाज्ञा’ असा किताब मिळाला. शंकराजींचं कार्यक्षेत्र म्हणजे नेमका आपला भाग. मावळची खोरी, राजगड, तोरणा, रोहिडा. स्थानिक देशमुखांना धरून ठेवायचं, किल्ले परत मिळवायचे, मिळालेले राखायचे. औरंगजेबाने १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा घेतले आणि त्यांना नवी नावं दिली, राजगडाला नबीशहागड आणि तोरण्याला फुतूहुल्गैब. वेल्ह्याच्या माणसाने यातलं एकही नाव तोंडी घेतल्याचं मला तरी ऐकिवात नाही. किल्ले पुन्हा मराठ्यांकडे आले आणि नावं बादशहाबरोबर गेली.

या काळात माणसं टिकवायची तर वेतन द्यायला खजिन्यात पैसा नव्हता. म्हणून मुलूख लावून द्यायची पद्धत सुरू झाली. जो जितका मुलूख सोडवील तो त्याने खावा आणि त्यावर फौज ठेवावी. सचिवपद शंकराजींकडे आलं ते या नव्या पद्धतीत. भोर संस्थानचा आरंभ १६९७ चा धरतात. म्हणजे पदाच्या पाठीमागे आता जमीन आली. ‘राजाज्ञा’ हा किताबही त्यांच्याकडे होता, तसा तो मानाने मोठा. पण त्याचं आडनाव झालं नाही, कारण किताब माणसाबरोबर गेला. सचिवपदाला मुलूख जोडलेला होता आणि मुलुखाला वारस लागतो.

तो वारस फार लवकर आणि फार वाईट परिस्थितीत लागला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शंकराजींनी ताराराणींच्या बाजूने इमान राखायची शपथ घेतलेली. समोर मात्र गादीचे थोरले वारस. बखरी सांगतात की या पेचात शंकराजींनी स्वतःच आपला शेवट करून घेतला. भोरजवळ आंबवडे इथे त्यांची समाधी आहे.

शाहू महाराजांनी काय केलं? त्यांनी सचिवपदाची वस्त्रं शंकराजींच्या मुलाला, नारो शंकरांना दिली. हा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. ज्याला अजून लिहिता येत नाही तो राज्याची पत्रं तपासणारा सचिव झाला! कारभार त्याची आई येसूबाई आणि पदरचे मुतालिक, म्हणजे सचिवाच्या वतीने काम पाहणारे, यांनी केला. माझ्या मते हे आडनाव जन्मलं ते या वर्षी. कारण या वर्षी पद आणि काम यांची फारकत झाली. काम मुतालिक करणार आणि सचिव म्हणवणार शंकराजींचा मुलगा. आता तो शब्द काय करतो हे सांगत नाही, कुणाचा आहे हे सांगतो. आणि आडनावाचं काम तरी दुसरं काय असतं? जाता जाता, मुतालिक हेही आडनाव आज आपल्याकडे आहेच. तीही एक नोकरीच होती.

येसूबाईंबद्दल दोन वाक्यं बोलायला हवीत. पुढे दमाजी थोराताने सचिवाला कैद केलं. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना सोडवून आणलं आणि या उपकाराबद्दल सचिवाच्या आईने पुरंदर किल्ला बाळाजींच्या हवाली केला. पुणे प्रांतात पेशव्यांचा पाय रोवला गेला त्यात या बाईंच्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. पण कागदात त्या ‘सचिवांच्या मातोश्री’ आहेत. आडनावाच्या वाटेने मागे जाणाऱ्याला बायका दिसत नाहीत. हे या साधनाचं दुखणं आहे. वंशावळ करायला बसाल तेव्हा सुनांची माहेरं मुद्दाम विचारून लिहा, कारण कागद ती आपण होऊन सांगणार नाही.

अठराव्या शतकात घराण्यात शंकर, नारो, चिमणाजी, सदाशिव, रघुनाथ ही नावं फिरत राहिली. आजोबांचं नाव नातवाला, हे तर आपल्याकडे आहेच. पण इथे आणखी एक कारण होतं, दत्तक. या घराण्यात दत्तक झाले आणि इंग्रजी अमदानीत दत्तक घेण्याची सनदही त्यांना मिळाली. दत्तकविधान झालं की मुलाच्या बापाचं नाव बदलतं, गोत्र बदलतं, आडनाव बदलतं आणि पुष्कळदा त्याचं स्वतःचं नावही घराण्यात चालत आलेलं ठेवतात. त्या दिवसापासून तो कागदावर पूर्णपणे या घरचा. म्हणजे आडनाव सलग आलं म्हणून रक्त सलग आलं असं नाही. तसंच आडनाव बदललं म्हणून रक्त तुटलं असंही नाही. आडनाव घराची गोष्ट सांगतं, आणि घर म्हणजे वाडा, वतन, देव्हारा आणि श्राद्धाचा अधिकार. सुधागडावर भोराई देवी आहे, ती या घराण्याची कुलदेवता. दत्तक आलेला मुलगाही तिलाच नैवेद्य दाखवणार.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. साताऱ्याला छत्रपतींची गादी इंग्रजांनी राखली आणि तिच्याखाली भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट असे जहागीरदार राहिले. तेव्हा निदान म्हणायला छत्रपती होते आणि त्यांचे सचिव होते. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. आता सचिव कुणाचे? राजा नाही, दरबार नाही, तपासायला राजपत्र नाही. तरी भोरचे अधिपती पंतसचिवच राहिले. इंग्रज साहेबाने आपल्या कागदात तेच नाव जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत उतरवलं. शब्दातला कामाचा शेवटचा अंशही त्या वर्षी गेला आणि निव्वळ नाव उरलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, तिचा परिणाम आपल्या सगळ्यांच्या आडनावांवर आहे. १८५२ पासून इनाम कमिशनने जमिनी खाणाऱ्या घराण्यांकडे पुरावे मागितले. इनाम कुणाला मिळालं, कधी, आणि तुम्ही त्याचे कोण? प्रत्येकाने कैफियत लिहून दिली, वंशावळ जोडली. त्या कागदात जे नाव लिहिलं गेलं ते मग सरकारी दप्तरात, पुढे शाळेत आणि कोर्टात पक्कं झालं. त्याआधी एकाच घरातले तिघं भाऊ तीन नावं सांगू शकत होते, एक गावाचं, एक वतनाचं, एक हुद्द्याचं. त्यानंतर ती मुभा कमी कमी होत गेली.

भोरला शंकरराव चिमणाजी १८७१ ते १९२२ इतका दीर्घ काळ गादीवर होते. त्यांच्यानंतर रघुनाथराव आले. त्यांच्या नावाचं विद्यालय आज भोरमध्ये आहे. तिथल्या पाटीवर ‘राजा रघुनाथराव’ आहे. राजा हा आणखी एक थर, वर चढलेला शेवटचा. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि मान्यताही गेल्या. राजेपणाची कायदेशीर बाजू संपली, पंतसचिव हे आडनाव राहिलं. गावाने सुरू झालेलं नाव पदाने झाकलं, पदावर मान चढला, मानावर राज्य चढलं. आणि उतरताना राज्य आधी उतरलं. पद मात्र कातडीला चिकटलेलं, ते उतरलं नाही.

असं सगळ्याच प्रधानांचं झालं का? नाही, आणि ते पाहण्यासारखं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं घराणं बहुतकर. त्यांना बावड्याची जहागीर मिळाली आणि पुढे ते बावडेकर म्हणून ओळखले गेले. म्हणजे पुन्हा गावच, पण नवं गाव. औंधचे पंतप्रतिनिधी मूळचे किन्हईचे कुलकर्णी. प्रतिनिधी हे पद चिकटलं. पण त्याच घराण्यातले आप्पासाहेब, जे स्वतंत्र भारताचे वकील म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले, ते जगाला आप्पा पंत म्हणून माहीत आहेत. पद गळालं आणि पुढचा मानाचा शब्द आडनाव झाला! उद्या कुणी त्यांना कुमाऊंकडच्या पंतांचे भाऊबंद ठरवलं तर नवल नाही. पेशव्यांचं मूळ आडनाव भट, हे तर आपल्याला माहीतच आहे.

आणि आपल्याच मावळातलं उदाहरण. आंबवड्यालाच कान्होजी जेध्यांची समाधी आहे. जेधे कारीचे, रोहिड खोऱ्याचे देशमुख. देशमुखी हेही पद, तेही वंशपरंपरा, तेही मुलुखाला जोडलेलं. तरी जेधे हे नाव झाकलं गेलं नाही. ‘जेधे देशमुख’ असं दोन्ही राहिलं. का? मला दिसतं ते असं. सचिव राज्यात एकच. ‘सचिव’ म्हटलं की कोण ते कळलं. देशमुख मात्र प्रत्येक खोऱ्यात एक. जेधे, बांदल, खोपडे, शिळीमकर, मरळ, पासलकर, सगळेच देशमुख. नुसतं देशमुख म्हणून मावळात ओळख पटत नव्हती, म्हणून कुळाचं नाव सोबत ठेवावंच लागलं. तीच माणसं पुण्या-मुंबईला आली, तिथे खोऱ्यांची ओळख कुणाला नव्हती, आणि काहींनी नुसतं देशमुख लावलं. त्यामुळे आज एकाच भावकीतला एक जण जेधे आणि दुसरा देशमुख असू शकतो. उलट दोन देशमुखांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. जात-धर्मही वेगळे असू शकतात. आडनावावरून माणूस कुठला आणि कुणातला हे ओळखायची आपली जी सवय आहे, ती या एका शब्दापाशी पार कोलमडते.

एवढं बोलून मी थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न : आमच्या घरात काकांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरं आहे. गावच्या जमिनीत त्यामुळे अडतंय. हे कसं जुळवायचं?

उत्तर : दोन आडनावं जोडणारा एक कागद शोधायचा, हे खरं काम. दोन्ही भावांच्या वर जा. आजोबांचं नाव आणि पणजोबांचं नाव दोन्ही दाखल्यांत एकच असेल तर तो धागा. मग तलाठ्याकडे सातबाऱ्याचे जुने उतारे आणि वारसाचे फेरफार मागा. फेरफारात ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक’ अशी नोंद असते. त्यात दोन्ही भाऊ एकाच बापाखाली दिसले की आडनावाच्या फरकाला फारसं वजन राहत नाही. गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही आणि शाळेचं जनरल रजिस्टर हेही पाहा. प्रत्येक कागदावरून चार गोष्टी एका वहीत उतरवा. नाव, बापाचं नाव, गाव आणि सन. आडनाव पाचव्या रकान्यात, शेवटी. पुढचं कायद्याचं वकील पाहतील, पण त्यांना ही वही द्या.

प्रश्न : कागदच नसतील तर?

उत्तर : तीर्थक्षेत्री जा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडे घराण्यांच्या वह्या असतात. पण तिथे आजचं आडनाव सांगून थांबू नका, मूळ गाव सांगा, कारण वह्या बऱ्याचदा गावावरून लावलेल्या असतात. एखादा पंतसचिव तिथे कदाचित गंडेकर म्हणून सापडेल, तसंच तुमचंही होऊ शकतं. इनाम, वतन असेल तर पुण्यातलं पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. कागद मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. आणि उपाध्याच्या वहीतली नोंद पूर्वजाने स्वतः सांगितलेली असते हे विसरू नका. त्याने स्वतःबद्दल जरा वाढवून सांगितलं असेल तर तेही तिथे उतरलेलं असतं!

प्रश्न : मूळ आडनाव सापडलं तर ते परत लावावं का?

उत्तर : लावता येतं. शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि मग आधार, पॅन, बँक, आपल्या सोसायटीचं भागपत्र, सगळीकडे तो फिरवावा लागतो. माझं मत विचाराल तर ‘मूळ’ म्हणजे कुठलं, हे आधी ठरवा. पंतसचिव मूळचे गंडेकर, बरोबर. पण गंडेकर हेही कुणीतरी कधीतरी गाव सोडल्यावर पडलेलं नाव. त्याआधी त्या घराला काय म्हणत होते? जिथे कागद संपतो तिथलं नाव आपण मूळ म्हणतो, एवढंच. तुमच्या नातवंडांना दोन्ही नावं आणि ती कधी, का बदलली ते लिहून ठेवा. आणि बदल केलातच तर त्या राजपत्राची प्रत जपून ठेवा, नाहीतर शंभर वर्षांनी तुमचा पणतू माझ्यासारख्या कुणाकडे हाच प्रश्न घेऊन येईल.